प्रतिसाद: लशीतली ॲल्युमिनियमची भर

> "लशीत ॲल्युमिनियम कशाला घालतात? नुसतं अँटिजेन पुरत नाही का?"

अँटिजेन म्हणजे शरीराने ओळखायचा जंतूचा अंश. गोवरासारख्या जिवंत लशीत तेवढं पुरतं, कारण तो विषाणू स्वतःच शरीराला सावध करतो. धनुर्वात किंवा घटसर्पाच्या लशीत मात्र जंतूचं निष्प्रभ केलेलं शुद्ध विष, म्हणजे टॉक्सॉइड, असतं. ते एकटं टोचलं तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. १९२६ मध्ये ब्रिटिश संशोधक ग्लेनी यांना दिसलं की तुरटी या ॲल्युमिनियमच्या क्षारासोबत दिलेल्या घटसर्पाच्या टॉक्सॉइडला प्रतिसाद कितीतरी जोरदार येतो.

अँटिजेन ॲल्युमिनियम क्षाराच्या बारीक कणांना चिकटतं. टोचल्या जागी थोडा दाह होतो, तिथे आलेल्या डेंड्रायटिक पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या टेहळ्या पेशी, ते कण गिळतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत जाऊन टी-पेशींना अँटिजेन दाखवतात. त्यांच्या मदतीने बी-पेशी भरपूर प्रतिपिंडं बनवतात. हात दुखतो तो बराचसा या दाहामुळेच. प्रतिपिंडांऐवजी थेट पेशींमार्फत लढणारी प्रतिकारशक्ती मात्र या क्षारांनी फारशी वाढत नाही.

आणि हो, ॲल्युमिनियम असलेली लस कधीही गोठू देऊ नये! गोठली की कणांच्या गुठळ्या होतात आणि लशीचा जोर कमी होतो. शंका असेल तर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवतात, मग दोन्ही हलवून शेजारी ठेवतात. संशयित कुपीतला गाळही तितक्याच झपाट्याने खाली बसला, तर ती वापरायची नाही.