मदत हवी आहे: उपाहारगृहासाठी एआय चित्रांच्या कामाची व्याप्ती आणि दर कसा ठरवावा?

नमस्कार. एका उपाहारगृहाला मेनूकार्डासाठी एआयने तयार केलेली २४ चित्रे हवी आहेत आणि मला एकरकमी दर द्यायचा आहे. नमुन्यादाखल मी ३ चित्रे केली, त्यांना साडेचार तास लागले. चित्र निर्माण होण्याचा वेळ त्यात नगण्य होता. खरा वेळ गेला तो वितळल्यासारखा दिसणारा चमचा दुरुस्त करण्यात आणि तिन्ही चित्रांत ताट, प्रकाश व कॅमेऱ्याचा कोन सारखा ठेवण्यात. या हिशेबाने २४ चित्रांना ३६ तास होतात, शिवाय दुरुस्त्या वेगळ्या.

माझी मोठी चिंता अशी की, चित्र सुंदर असूनही प्रत्यक्ष वाढल्या जाणाऱ्या पदार्थाशी जुळले नाही, तर ग्राहकाची फसवणूक होईल. म्हणून प्रत्येक पदार्थाचा मोबाइलवर काढलेला फोटो आधी घ्यावा आणि मालकांची लेखी मंजुरी मिळाल्याशिवाय चित्र अंतिम धरू नये, असे मला वाटते.

प्रतिचित्र दरात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरून पुढच्या फेऱ्यांना तासाप्रमाणे आकारणी करावी का? पदार्थच बदलला, तर ती दुरुस्ती मानावी की नवे चित्र? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.