‘दिवस गेले’ कुणाला? गोड बातमी कळवायची आहे, मजकूर सुचवा

जुळे सोलापूरकर
मंडळी, आमच्या घरी बाळ येणार आहे! इथल्या जुन्याजाणत्यांची मदत हवी आहे. आज ८ फेब्रुवारी. दोन दिवसांनी, १० तारखेला, सगळ्या नातेवाइकांना आणि मित्रांना एकदमच कळवायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय. मी मजकूर लिहिला: ‘आम्ही गरोदर आहोत. चौथा महिना चालू आहे.’ तो आजीला वाचून दाखवला. आजी तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत राहिली. मग म्हणाली, “तू कशाला गरोदर होतोस रे? तिला दिवस गेलेत म्हणावं.” पण ‘हिला दिवस गेले’ असं लिहिलं की मी त्यात कुठेच राहत नाही. बातमी दोघांची आहे, आणि तसंच ती सांगावी असं मला मनापासून वाटतं. यासाठी मराठीत सरळ, घरातला शब्द कोणता?

नवी पेठ
अभिनंदन! एवढा विचार कशाला? ‘गोड बातमी आहे’ लिहा, सगळ्यांना बरोबर कळतं. आता त्याचा दुसरा अर्थच उरलेला नाही.

बार्शीचे काका
अर्थ उरला नाही असं कसं म्हणता? माझ्या भाच्याला गेल्या वर्षी बँकेत नोकरी लागली. त्याने ‘घरात गोड बातमी’ एवढंच लिहिलं आणि फोन बंद करून कामावर गेला. संध्याकाळपर्यंत त्याच्या बायकोला सतरा फोन. एका मामींनी तर डिंकाचे लाडू करायला घेतले होते. लाडू वाया गेले नाहीत, नोकरीच्या नावाने खाल्ले सगळ्यांनी. पण त्या पोरीला दिवसभर ‘नाही हो, तसं नाही’ सांगत बसावं लागलं.

नवी पेठ
काका, म्हणजे माझंच म्हणणं खरं ठरलं की!

शब्दवेडी
मूळ प्रश्नाकडे येते. ‘दिवस जाणे’मध्ये सगळा अर्थ ‘ला’ या एका अक्षरावर उभा आहे. ‘तिला दिवस गेले’ म्हणजे ती गरोदर आहे. ‘तिचे दिवस गेले’ म्हटलं की तिचा चांगला काळ सरला. भूक लागते, ताप येतो, तसे दिवसही बाईला जातात. ती ते करत नाही, ते तिच्या वाट्याला येतात. म्हणून कर्ता ‘दिवस’ आणि बाई ‘ला’ लावून.

‘दिवस भरले’चंही तसंच आहे. ‘तिचे दिवस भरत आले’ म्हटलं की घरात दुपटी शिवायला घेतात. ‘त्याचे दिवस भरले’ म्हटलं की माणूस संकटात आहे. इथे ‘ला’ नाही, ‘चे’ आहे, म्हणून कुणाविषयी बोलतोय हे माहीत असल्याशिवाय अर्थ लागत नाही. बातमीच्या मजकुरात ‘दिवस’ हा शब्द फार जपून वापरा.

चाटी गल्ली
जपून म्हणजे किती ते मी सांगते. माझ्या दिराने बातमी कळवताना ‘ला’ गाळला. लिहिलं, ‘आमच्या घरी दिवस आहेत, सगळ्यांचे आशीर्वाद असू द्या.’ मोहोळच्या चुलत सासऱ्यांना वाटलं, घरात कुणीतरी गेलं आणि हे दहाव्या-तेराव्याचे दिवस. ते पांढरा सदरा-टोपी घालून पहिल्या एसटीने दारात हजर. माझ्या जावेने दार उघडलं, त्यांनी हात जोडले आणि हळूच विचारलं, “कोण गेलं गं?” ती म्हणाली, “कुणी जात नाहीये मामंजी, येतंय!” मग त्याच पांढऱ्या टोपीत त्यांना पेढा भरवला. तो फोटो आम्ही जपून ठेवलाय.

नवी पेठ
मग ‘पाय भारी झाले’ लिहा. ऐकायला छान वाटतं.

शब्दवेडी
ती म्हण हिंदीची. आपल्याकडे दखनी बोलणाऱ्या घरांत ‘पाँव भारी है’ रोज ऐकू येतं आणि तिथे ते शोभतंही. मराठीत ‘पाय जड झाले’ म्हणजे निघवत नाही, मन मागे ओढतंय. सासरी निघालेल्या मुलीचे पाय जड होतात.

साखर पेठ
आमच्या घरी तेलुगू. आजी म्हणायची ‘नेल तप्पिंदी’, म्हणजे महिना चुकला. आणि अजून एक, ‘नीळ्ळोसुकुंदी’. शब्दशः तिने अंगावर पाणी ओतून घेतलं, पण अर्थ गरोदर राहिली. लहानपणी मला कळायचंच नाही, आंघोळ केली यात एवढं आनंदाचं काय? तुमच्या ‘दिवस गेले’मधले दिवसही पाळीचेच ना? ठरलेले दिवस आले आणि तसेच निघून गेले.

शब्दवेडी
मला तसंच वाटतं. ‘महिना चुकला’ मराठीतही आहे आणि त्याचा अर्थ तोच.

बार्शीचे काका
मला पटत नाही. आमच्याकडे ‘तिला तीन महिन्यांचे दिवस गेलेत’ असंही म्हणतात. पाळीचे दिवस तीन महिन्यांचे कसे असतील? दिवस म्हणजे पोटातल्या बाळाचे दिवस.

शब्दवेडी
हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. त्याने माझ्या म्हणण्याला छेद जातो, हे खरं.

अक्कलकोटची नात
‘गरोदर’ शब्दात गैर काय आहे? गुरू म्हणजे जड, उदर म्हणजे पोट.

शब्दवेडी
कुणी गुरू-उदर सांगतात, कुणी गर्भ-उदर. फोड कशीही करा, पोट त्यात आहेच. ‘पोटुशी’मध्ये तर ते उघडच दिसतं. म्हणून आजी हसल्या. बाबा आनंदात असेल, काळजीत असेल, रात्री दोन वाजता उठून चिंच शोधत असेल, पण पोट त्याचं नाही.

डोहाळ्यांची गोष्ट मात्र वेगळी. तो शब्द संस्कृत ‘दोहद’वरून आलाय. सुश्रुतसंहितेत म्हटलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, त्यामुळे तेव्हा बाईला दोन हृदयं असतात. तिची इच्छा म्हणजे बाळाची इच्छा. आपण ‘दोन जिवांची’ म्हणतो त्याच्या जवळचीच ही कल्पना. तुमचा चौथा लागत असेल तर शब्द अगदी वेळेवर आलाय.

जुळे सोलापूरकर
चौथ्यावरूनही घरात वाद आहे! डॉक्टरांनी बारा आठवडे पूर्ण, तेरावा चालू असं सांगितलं. बाराला चारने भागून तीन झाले, म्हणून मी चौथा लिहिला. आजी म्हणते अजून तिसराच.

दवाखान्यातली ताई
मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. हा घोळ रोज बघते. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कोणता?

जुळे सोलापूरकर
१० नोव्हेंबर.

दवाखान्यातली ताई
मग आजीचं बरोबर. चारने भागू नका. पूर्ण काळ ४० आठवडे धरतात. त्याला चारने भागलं तर दहा महिने होतील, आणि दहा महिने कुणी म्हणत नाही. महिना चार आठवड्यांपेक्षा दोन-तीन दिवसांनी मोठा असतो, तो फरक साठत जातो. तुमचे बारा आठवडे २ फेब्रुवारीला भरले, पण तीन महिने १० फेब्रुवारीला सरतील. त्याच दिवशी चौथा लागेल.

तारीख काढायची तर १० नोव्हेंबरमध्ये नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. १७ ऑगस्ट येते, बरोबर २८० दिवस. जुन्या बायका ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात. महिना तीसचा धरला तर ते २७९ होतात. एका दिवसाचा फरक! पाळी दर २८ दिवसांनी येत असेल तरच हा हिशोब लागू पडतो. पुढेमागे होत असेल तर सुरुवातीच्या सोनोग्राफीतली तारीख धरायची. आणि बाळ त्याच तारखेला येईल असं समजू नका, ते थोडं अलीकडे-पलीकडे होतंच. म्हणून निमंत्रणासारखं ‘१७ ऑगस्टला’ लिहू नका. ‘श्रावणात’ किंवा ‘ऑगस्टमध्ये’ लिहा.

बोलीत तीन शब्द वेगळे आहेत, तेही सांगते. ‘लागला’ म्हणजे सुरू झाला, ‘चालू’ म्हणजे मध्ये कुठेतरी, ‘सरला’ म्हणजे पुरा झाला. ‘तिसरा सरला’ आणि ‘चौथा लागला’ हा एकच दिवस.

अक्कलकोटची नात
आणि तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते.

दवाखान्यातली ताई
दृष्टीचं मी बोलत नाही. पण गर्भ राहून पडण्याच्या बहुतेक घटना पहिल्या बारा आठवड्यांतच होतात. थांबण्यामागे ते कारण आहे. मात्र ज्यांच्या आधाराची गरज लागेल त्यांना आधी सांगितलेलं बरं. सगळ्या गावापासून लपवा, आईपासून कशाला?

अक्कलकोटची नात
म्हणूनच तिसऱ्यात चोरचोळी करतात, गुपचूप. आमच्या घरी कानडी बोलतात, तिथे ‘कळ्ळ कुबस’. कळ्ळ म्हणजे चोर, कुबस म्हणजे चोळी. शब्द दोन भाषांतला, चोरी एकच! सातव्यात मग उघडपणे डोहाळजेवण.

साखर पेठ
आमच्याकडे त्याला श्रीमंतम म्हणतात. घर गरीब असलं तरी श्रीमंतमच.

जुळे सोलापूरकर
आमची चोरी आधीच पकडली गेली होती. संक्रांतीला, गड्ड्याची जत्रा ऐन भरात असताना, माझ्या मावशीकडे गेलो होतो. मावशीने तिळगूळ दिला. हिने हसून घेतला, गोड बोलली आणि तो हळूच रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला. तीळ उष्ण म्हणून. मावशी काहीच बोलली नाही. निघताना मात्र तिने डब्यात शेंगाचटणीच्या जागी आवळ्याचं लोणचं भरून दिलं.

दवाखान्यातली ताई
दोन तिळाच्या वड्यांनी काही झालं नसतं हो. पण मावशी हुशार.

शब्दवेडी
आता मजकूर. तुम्हाला दोघांचं म्हणायचंय ना? ‘बाळ होणे’ घ्या. ‘आम्हाला बाळ होणार आहे’ हे शुद्ध मराठी आहे, आणि त्यात तोच ‘ला’ आहे जो ‘तिला दिवस गेले’मध्ये आहे. फक्त इथे तो दोघांना लागतो. बाई दोघांच्या वतीने पोट सांभाळते, बाळ दोघांना होतं.

जुळे सोलापूरकर
हेच हवं होतं! आजीला वाचून दाखवलं, या वेळी ती हसली नाही, डोळे पुसले. १० तारखेला सकाळी पाठवतो: ‘आम्हाला बाळ होणार आहे. तिसरा सरला, आज चौथा लागला. श्रावणात घरी पाळणा हलेल. हिला सध्या आंबट चालतं, तिखट नको, त्यामुळे पेढे आम्ही आणतो, तुम्ही चिंचा आणा.’

जुळे सोलापूरकर
१० फेब्रुवारी, रात्री. पाठवला. पहिला फोन मंगळवेढ्याच्या आत्याचा. वाचून झाल्यावरही विचारते, “कितवा रे?” म्हटलं, आज चौथा लागला. ती म्हणाली, “मग आता ‘दिवस गेले’ कशाला म्हणायचं, आता ‘पोटुशी’ म्हणायचं.”

शब्दवेडी, असा काही फरक खरंच आहे का?

शब्दवेडी
पोट दिसू लागल्यावर पोटुशी, असं माझी आईही म्हणायची. पण चौथ्यातच? बाकीच्यांनी आपापल्या घरी विचारून सांगा.

बार्शीचे काका
आमच्याकडे पाचव्यापासून. आणि मामींनी निरोप दिलाय, डिंकाचे लाडू या वेळी पक्के समजू का?