शब्दचर्चा: पोर्ट्रेटमधलं 'डॉज अँड बर्न', मराठीत काय म्हणता?

पाचपाखाडीकर
शनिवार-रविवारी घरीच फोटो एडिटिंग शिकवते, पोरं बहुतेक मराठी माध्यमातली. आता चेहऱ्यावरचा उजेड हलक्या हाताने घडवायचा धडा आलाय आणि नोट्समध्ये डॉज अँड बर्नला काय लिहू कळत नाहीये. एका मुलाने तर गप्पच केलं, म्हणे मॅडम, 'फोटो बर्न झाला' म्हणजे पांढराफट्ट पडला असं सगळे म्हणतात ना, मग बर्न टूल फिरवला की काळं कसं होतं?

वाशीवाला फोटू
ताई त्यात काय, जळलं की काळं पडतं, म्हणून बर्न. आणि डॉज म्हणजे चुकवणं, काळेपणा चुकवायचा. सरळ 'हायलाइट-शॅडो' लिहून टाका, लाइटरूममध्ये तेच स्लायडर आहेत.

जुनी डार्करूम
वाशीवाले, चुकवणं बरोबर पण काळेपणा नाही, उजेड चुकवायचा. मी नौपाड्यात लॅबला होतो तेव्हा हे रोज हाताने करायचो. एन्लार्जरखाली निगेटिव्हमधून कागदावर उजेड पडतो, जितका जास्त पडेल तितका कागद डेव्हलपरमध्ये काळा होतो. समजा एकूण दहा सेकंद द्यायचे आहेत आणि डोळ्याखालचा भाग फार काळा येतोय, तर तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती दोन सेकंद त्या भागावर धरायची आणि सतत हलवत ठेवायची, नाहीतर कडा उमटते. तेवढ्या भागाने उजेड चुकवला, म्हणून तो उजळ राहिला, हे डॉज. बर्न त्याच्या उलट, मोठ्या पुठ्ठ्याला भोक पाडून किंवा दोन हातांच्या ओंजळीतून फक्त कपाळाला अजून तीन-चार सेकंद उजेड द्यायचा, कपाळ दबतं. फोटोशॉपमधली टूलची चित्रं बघा, एक काडीवरची चकती आहे आणि दुसरा वळलेला हात.

तुमच्या त्या पोराचा प्रश्न एकदम रास्त आहे. कॅमेऱ्यात जास्त उजेड गेला की फोटो पांढरा, कागदावर जास्त गेला की काळा. दोन्हीकडे शब्द 'बर्न'च चिकटला आणि अर्थ उलटे झाले. त्यामुळे 'जाळणे' लिहू नका, गोंधळ वाढेल.

आणि ते स्लायडर वेगळे. शॅडो स्लायडर फोटोतल्या सगळ्याच गडद जागा उचलतो, केस, काळं जाकीट, मागचं कपाट, सगळं. डॉज अँड बर्नमध्ये जागा तुम्ही निवडता.

रंगपेटी
मी मेकअप करते, नाटकाचा पण आणि लग्नाचा पण. आमच्याकडे ह्यालाच हायलाइट-कंटूर म्हणतात की, गालाच्या हाडावर उजळ, हाडाखाली गडद, नाकाच्या दोन्ही बाजूंना रेघ. 'उठाव देणे' म्हणतो आम्ही. हाच शब्द घ्या ना.

पाचपाखाडीकर
उठाव आवडला! पण नाकाच्या दोन्ही बाजूंना गडद केलं तर फोटोत विचित्र दिसतं असं मला वाटतं, नीट सांगता येत नाही का ते.

खारघर रिटच
कारण मेकअपला उजेड कुठून येणार ते माहीत नसतं, म्हणून जागा ठरलेल्या. फोटोत उजेड आधीच येऊन गेलाय, त्याचंच ऐकावं लागतं. गेल्या महिन्यात एका आजींचा फोटो केला तो सांगतो. सावळा रंग, फ्लॅटची खिडकी फोटोत डावीकडे, उजवा गाल सावलीत. फाइल १६ बिटमध्ये उघडली, दोन कर्व्ह लेयर घेतले, एकाचा मधला भाग थोडा वर, दुसऱ्याचा थोडा खाली, दोन्हींचे मास्क काळे करून टाकले म्हणजे काहीच दिसत नाही. मग मऊ कडांचा पांढरा ब्रश, फ्लो २ टक्के, आणि अख्खा चेहरा स्क्रीनवर दिसेल एवढाच झूम. ब्रश साधारण गालाएवढा मोठा, छोटा घेतला की डाग पडतात.

उजळ लेयरवर खिडकीकडच्या गालाच्या हाडाचा वरचा भाग, कपाळ जिथे वळतं ती जागा, नाकाच्या दांड्याची फक्त डावी धार, हनुवटीचा थोडा भाग. गडद लेयरवर सावलीकडची कानशिलं, त्या गालाच्या हाडाखालची खोलगट जागा, जबड्याखाली, नाकाची फक्त उजवी बाजू. रंगपेटीताई, नाकाची डावी बाजू पण गडद केली असती तर तिथे उजेड अडवणारं काहीच नाही, मग बघणाऱ्याला कळत नाही काय बिघडलंय पण चेहरा मुखवट्यासारखा दिसतो. सावलीतला गाल मी जवळपास तसाच सोडला, फक्त त्या डोळ्यात जीव यावा म्हणून बुबुळाचा खालचा भाग जरासा उचलला.

सुरकुत्या पुसल्या नाहीत. सुरकुती म्हणजे एक काळी रेघ आणि शेजारी उजळ वरंबा, त्यातली फक्त रेघ निम्म्याने उजळ केली, तेवढ्यासाठी मात्र झूम वाढवून बारीक ब्रश.

वाशीवाला फोटू
पण माझं बर्न केलं की गाल केशरी-लाल मारतो, विशेषतः सावळ्या रंगावर. असं का?

खारघर रिटच
साध्या कर्व्हने गडद केलं की रंगही गडद आणि दाट होतो, म्हणून. त्या लेयरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी कर, बराचसा जातो. कधीकधी मग तीच जागा राखाडी वाटते, तेव्हा मी नॉर्मलवर ठेवून वर सॅच्युरेशन थोडं उतरवतो, हे फोटोगणिक बदलतं, नियम नाही. डाग शोधायला सगळ्यात वर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट लेयर टाकून बघ, रंग गेला की ठिगळं लगेच दिसतात. आणि झाल्यावर चहा पिऊन ये, फोटो आडवा उलटवून बघ, दोन्ही लेयर बंद-चालू कर. फरक डोळ्यावर आदळला तर जास्त झालंय. आजींच्या वेळी मी शेवटी ओपॅसिटी ६५ वर आणली.

घोडबंदर_नीता
बहिणीचा स्थळांसाठी फोटो आहे, जरा गोरी दिसेल असं डॉज करून देता का कोणी?

जुनी डार्करूम
नीता, त्याने गोरं होत नाही गं, सगळीकडेच उजळलं की नाक-गालाचे चढउतार जातात आणि चेहरा सपाट दिसतो. रंग आहे तसा राहू दे, खिडकीजवळ तिरकी बसवून नवीन फोटो काढ.

घोडबंदर_नीता
काका घरच्यांना सांगा हे 😅

रंगपेटी
बरं उजेडाचं पटलं मला. पण मग 'उठाव' शब्द बाद का? उलट आता जास्तच बसतोय.

जुनी डार्करूम
बाद नाही, पण उठाव हा परिणाम झाला. कागदाचा आख्खा कोपरा बर्न करतो तेव्हा उठाव देत नसतो, तिकडे नजर जाऊ नये म्हणून दाबत असतो. आम्ही लॅबमध्ये 'रोखणं' आणि 'दाबणं' म्हणायचो. "डोळे रोख, कपाळ दाब."

खारघर रिटच
काका, मस्त आहे, पण 'रोख' म्हटलं तर आजच्या मुलाला काय रोखायचं कळणार नाही, मास्कवर पांढरं रंगवताना कुठे काय रोखतोय आपण. मी 'उचल' आणि 'दाब' म्हणतो.

पाचपाखाडीकर
उचल-दाब! टूलची नावं डॉज आणि बर्नच ठेवते, स्क्रीनवर तीच दिसणार, आणि कृती सांगताना उचल-दाब लिहिते. काकांची चकती आणि भोकाचा पुठ्ठा पहिल्याच तासाला टॉर्च लावून भिंतीवर दाखवीन.

जुनी डार्करूम
भिंतीवर उलटं दिसेल ना, चकती धरली की तिथे सावली पडणार, म्हणजे डॉजला गडद. पोरगा परत तोच प्रश्न विचारेल.

वाशीवाला फोटू
मग भिंतीला निगेटिव्ह समजा म्हणावं 😂

जुनी डार्करूम
निगेटिव्ह नाही रे, कागद. भिंतीचा मोबाईलवर फोटो काढून रंग उलटे करून दाखव त्यांना, मग चकतीची जागा पांढरी दिसेल.