मदत हवी आहे: घात वाढवला तर लीस्ट स्क्वेअरची चूक उलट वाढते, ग्राम-श्मिटमध्ये काय बिघडतंय?

कोयनाकाठ (सातारा)
नमस्कार मंडळी. कोयनेच्या पातळीच्या टप्प्यात, म्हणजे समुद्रसपाटीपासून ६४० ते ६६० मीटर, पातळीवरून साठा काढणारी बहुपदी बसवतोय. दर अर्ध्या मीटरला एक नोंद, एकूण ४१ ओळी. कॉलम `1, x, x**2` पासून `x**5` पर्यंत सहा. QR स्वतः लिहिलं आहे:

```python
for k in range(n):
    v = A[:,k].copy()
    for i in range(k):
        R[i,k] = Q[:,i] @ A[:,k]
        v -= R[i,k]*Q[:,i]
    R[k,k] = norm(v)
    Q[:,k] = v/R[k,k]
```

मग `Q.T @ b` काढून R मधून गुणक सोडवतो. चौथ्या घाताला उरलेली चूक कमी होते, पाचव्याला पुन्हा वाढते आणि जवळजवळ तिसऱ्या घाताच्या चुकीएवढी होते. पाचव्या घातात चौथा सामावलेला आहे, मग चूक वाढेलच कशी? `A - Q@R` तपासलं, ते शून्यालगत आहे. म्हणजे QR बरोबर आहे ना?

हळदपेठ (सांगली)
दादा, मलाही हाच त्रास झाला होता. हळदीच्या ओलाव्याच्या मीटरचं कॅलिब्रेशन बसवत होतो. एक्सेलच्या आलेखावरचं समीकरण उतरवून घेतलं आणि उत्तरं भलतीच आली. समीकरणाच्या चौकटीत आकडे कमी दिसतात, फॉरमॅटमध्ये जाऊन दशांश १५ करा. तुमचंही तेच असणार.

कोयनाकाठ
आभारी आहे, पण मी आलेखावरून काही उतरवलेलं नाही. सगळं पायथॉनमध्येच आहे.

औदुंबर
`A - Q@R` शून्य येणं हा Q चांगला असल्याचा पुरावा नाही. या पद्धतीत कॉलम एकमेकांना लंब राहिले नाहीत तरी गुणाकार A एवढाच येतो, कारण जे वजा केलं तेच R मध्ये लिहिलं जातं. तपासायचं ते `Q.T@Q - I`. शेवटच्या दोन कॉलमचा गुणाकार `Q[:,4] @ Q[:,5]` छापून बघा, तो किती येतो ते सांगा.

कोयनाकाठ
०.९९ च्या वर! शून्य यायला हवा होता. म्हणजे दोन्ही कॉलम एकाच दिशेला?

औदुंबर
हो, आणि तुमच्या कोड्याचं उत्तर त्यातच आहे. `Q.T @ b` मध्ये चौथ्या कॉलमच्या दिशेचा भाग एकदा वजा व्हायला हवा, तुमच्याकडे तो दोनदा होतो. समजा त्या दिशेला α एवढा भाग उरला होता. एकदा वजा केला की शून्य, दोनदा केला की −α. चिन्ह फिरलं, लांबी तीच राहिली. म्हणून पाचव्या घाताची चूक तिसऱ्याच्या चुकीपाशी येऊन थांबते.

हे का होतं, ते बघा. तुमचा x ६५० च्या आजूबाजूला फक्त १० मीटर हलतो, म्हणजे ६५ व्या भागाएवढा. इतक्या अरुंद पट्ट्यात `x**4` आणि `x**5` यांचा आकार आधीच्या कॉलमच्या मिश्रणासारखाच दिसतो. आधीच्या दिशा वजा केल्यावर `x**4` च्या लांबीतून साधारण `4e-9` एवढाच हिस्सा नवा उरतो, `x**5` मधून `3e-11`. वजाबाकीतली राउंडिंगची चूक मात्र मूळ कॉलमच्या मापाने `1e-16` च्या आसपास असते. उरलेल्या छोट्या सदिशाला त्याच्या लांबीने भागलं की ही चूकही तितक्याच पटीने फुगते. त्यामुळे चौथा कॉलम पहिल्याशी `1e-8` च्या घरात तिरका राहतो.

आता पाचव्याची पाळी. तुम्ही R चे सगळे आकडे मूळ कॉलमवरून काढता, आणि तो मूळ कॉलम जवळजवळ पहिल्याच दिशेला आहे. त्यामुळे `1e-8` चा तिरकेपणा पूर्ण वजनाने चौथ्या दिशेत चुकीचा भाग पेरतो. खरा नवा भाग त्याच्या शेकडो पट लहान, तो त्यात बुडतो. तुमचा `R[5,5]` सुद्धा त्यामुळे भलताच मोठा आला असणार.

मिरजकर_गणित
एका शब्दाचा बदल आहे हो. आतल्या ओळीत `A[:,k]` च्या जागी `v` लिहा. झालं सुधारित ग्राम-श्मिट. मग लंबपणा मशीनच्या अचूकतेइतका येतो, हाउसहोल्डरची गरजच नाही.

औदुंबर
बदल बरोबर आहे, निष्कर्ष अर्धा. `v` वापरलं की आधीच्या पायरीत राहिलेली चूक पुढच्या पायरीला दिसते आणि तिथे कापली जाते. तिरकेपणा मग कॉलम किती एकसारखे आहेत त्याच्या वर्गाने वाढत नाही, सरळ प्रमाणात वाढतो. पण शून्य होत नाही. इथे `1e-6` च्या घरात राहील.

लीस्ट स्क्वेअरसाठी तेवढंही चालतं, पण एका अटीवर: `Q.T @ b` वेगळं काढायचं नाही. b ला सातवा कॉलम म्हणून A ला जोडा आणि त्यालाही त्याच वजाबाक्यांतून न्या. मग त्याच्या R मधल्या आकड्यांवरून गुणक सोडवले की स्थिरता हाउसहोल्डरसारखीच मिळते. हे ब्यॉर्क यांनी १९६७ मध्ये दाखवलं. बहुतेकांची चूक Q मध्ये नसते, ही जोडणी विसरण्यात असते.

मिरजकर_गणित
b जोडायचं हे खरंच माहीत नव्हतं. पण दोनदा ग्राम-श्मिट केलं तर? तेही करतात ना?

औदुंबर
करतात. प्रत्येक कॉलम पुन्हा एकदा कापला तर या मापाच्या प्रश्नात लंबपणा परत मिळतो, काम मात्र दुप्पट.

कोयनाकाठ, मी हे घेतलं असतं:

```python
for k in range(n):
    v = A[k:,k].copy()
    v[0] += copysign(norm(v), v[0])
    v /= norm(v)
    A[k:,k:] -= 2*outer(v, v @ A[k:,k:])
    b[k:] -= 2*v*(v @ b[k:])
c = solve(triu(A[:n]), b[:n])
```

इथे वजाबाकी करून दिशा शोधायची नाही. प्रत्येक पायरीला एक आरसा ठेवायचा, त्यात कॉलमचा खालचा भाग पहिल्या अक्षावर पडतो. आरसा `v` वरून बनतो, आणि `v` ची दिशा थोडी चुकली तरी तो आरसाच राहतो, लांबी आणि कोन जपतो. उरलेला भाग `3e-11` असो की एक, त्याने फरक पडत नाही. लंबपणा `1e-15` च्या आसपास राहतो.

`copysign` ची ओळ विसरू नका. चिन्ह उलट घेतलं तर पहिला घटक आणि लांबी जवळजवळ सारखे असताना `v[0]` मध्येच आकडे उडतात आणि आरसा चुकीच्या दिशेला बसतो. Q बनवायचाच नाही, b वर तेच आरसे लावायचे. शेवटी `norm(b[n:])` हीच उरलेली चूक, वेगळं काढायला नको. A आणि b दोन्हींवर लिहिलं जातं, म्हणून आधी प्रत ठेवा. आणि दोन्ही फ्लोटमध्येच घ्या, पूर्णांक असतील तर जागच्या जागी वजाबाकी चालत नाही.

कोयनाकाठ
चालवलं. पाचव्याची चूक आता चौथ्यापेक्षा कमी येते. पण थोडे आकडे हलवले की गुणक पाचव्या-सहाव्या अंकापासून बदलतात. हाउसहोल्डरने तेही थांबायला हवं ना?

औदुंबर
नाही. तो प्रश्नाचाच स्वभाव आहे. हाउसहोल्डर स्वतःची भर घालत नाही, पण एकसारख्या कॉलमना वेगळं करू शकत नाही. वक्र बरोबर बसेल, सुटे गुणक डगमगतील. त्यावर उपाय `t = (x-650)/10`. मग t −१ ते १ मध्ये येतो आणि तुमचं जुनं ग्राम-श्मिटही चाललं असतं.

कोयनाकाठ
अडचण अशी की शीट वापरणाऱ्यांना सरळ x चंच सूत्र हवंय.

हळदपेठ
मग माझा मुद्दा इथे लागतो बघा! `650**5` म्हणजे `1.16e14`. गुणकाचे सहाच अंक शीटवर उतरले तर पातळी टाकताच साठ्याचे आकडे वाहून जातील.

औदुंबर
हे अगदी बरोबर बोललात. शीटमध्ये एका कोपऱ्यात t चा रकाना ठेवा, लपवून ठेवला तरी चालेल.

कोयनाकाठ
लपवलेला रकाना कुणी पुसला तर? त्यांना विचारून सांगतो. ४१ ओळींना पाचवा घात हवाच आहे का, हेही अजून ठरवायचंय.