मदत हवी आहे: कोंबुचावर पांढरे ठिपके, चिनी मातीची बरणी आणि बाटलीला येणारा दारूचा वास

पहिलीच_बरणी

मैत्रिणीने कोंबुचाची स्कोबी दिली, सोबत तिची जुनी बरणीही. बरणी चिनी मातीची आहे, आतून हिरवट-पिवळी चकचकीत झिलई आणि खाली पितळी तोटी. ३ लिटर चहात २४० ग्रॅम साखर आणि अर्धा कप जुना आंबलेला चहा घालते, वर सुती कापड बांधते. पहिला घाणा छान आंबट झाला. तो अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरला, प्रत्येकीत साधारण ५० मिली द्राक्षाचा रस घातला आणि घट्ट बूच लावून बाटल्या काही दिवस बाहेरच ठेवल्या. उघडताना फस्सकन फेस आला आणि वास चक्क वाइनसारखा.

आता दुसऱ्या घाण्यावर पांढरे गोल ठिपके आलेत. माझे प्रश्न तीन. ही बुरशी आहे का? बरणी चालेल का? आणि बाटलीत दारू किती असेल? वहिनीला दिवस गेलेत आणि तिला हे पेय आवडतं, म्हणून नेमकं उत्तर हवंय.

रामबाण

घाबरू नका. कोंबुचा इतका आंबट असतो की त्यात वाईट काही जगतच नाही. ठिपके चमच्याने काढून टाका, खालचं पेय चांगलं असतं. दारूचं म्हणाल तर नावापुरती असते, ती मोजण्यात अर्थ नाही. बाटली फ्रीजमध्ये ठेवली की तीही बनायची थांबते.

चहाटळ

रामबाण, आंबट *झाल्यावर* तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. अडचण पहिल्या काही दिवसांतली. नुसता गोड चहा आंबट नसतो, त्याला सुरुवातीलाच आंबट करायचं काम जुन्या चहाचं. ३ लिटरला अर्धा कप म्हणजे जेमतेम चार टक्के. निदान दहा टक्के, म्हणजे ३०० मिली तरी हवा. पीएचची पट्टी असेल तर घाणा लावतानाच ४.५ च्या खाली आलाय का ते बघायचं. त्याच्या वर राहिला तर पृष्ठभागावर बुरशीला मोकळं रान मिळतं.

ठिपक्यांबद्दल: बाजूने बॅटरीचा उजेड टाकून बघा. नवी स्कोबी धरताना जे डाग दिसतात ते ओलसर, गुळगुळीत, थोडे पारदर्शक असतात आणि हळूहळू एकमेकांत मिसळून एक साय बनते. बुरशी कोरडी दिसते, तिला लव असते, आणि एक-दोन दिवसांत मधोमध हिरवा, काळा किंवा राखाडी रंग धरते. ती कायम हवेला लागून, वरच्या पृष्ठभागावरच येते. खाली लोंबणारे तपकिरी धागे म्हणजे यीस्ट, त्यांची काळजी नको. सुरकुतलेला, पातळ, लव नसलेला पांढरा पापुद्रा हेही बहुधा यीस्टच. चव बिघडवतं, पण ती बुरशी नव्हे.

लव दिसली तर मात्र चमचा वगैरे काही नाही. स्कोबीसकट सगळं फेकायचं. वर दिसतं ते बुरशीचं टोक, तिचे तंतू आणि तिने सोडलेली विषं खाली किती गेलीत ते डोळ्यांना दिसत नाही.

अळणी

माझ्याकडे आल्याचं आंबवलेलं पेय प्लास्टिकच्या बाटलीत होतं, ती फुगून दगडासारखी कडक झाली. म्हणजे माझ्याही बाटलीत बुरशी झाली का? की प्लास्टिकमुळे?

चहाटळ

अळणी, तो कार्बन डायऑक्साइड, बुरशी नाही. पण तुमचा प्रश्न या धाग्यात चपखल बसतोय, कारण यीस्ट साखर खातं तेव्हा वायू आणि दारू जोडीनेच बनतात, वजनाने जवळपास सारख्याच. बाटली कडक झाली म्हणजे दारूही वाढली.

आता बाटल्यांचा हिशेब. उघड्या बरणीत यीस्ट दारू करतं आणि जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन तिचं आम्ल करतात, त्यामुळे दारू साचत नाही. बूच लावलं की ऑक्सिजन संपतो. जिवाणूंचं काम थांबतं, यीस्टचं चालूच राहतं. अर्ध्या लिटरला ५० मिली रस, त्यात साधारण ८ ग्रॅम साखर धरा, म्हणजे लिटरला १६. एक ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त अर्धा ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे लिटरला ८ ग्रॅम. आकारमानाने हे १ टक्का होतं. आणि हे फक्त रसाचं. मूळ चहातही साखर उरलेली असते, चव आंबट असली तरी. आणि बाटली भरतानाच त्यात थोडी दारू असते. सगळी साखर संपेलच असं नाही, पण दीड-दोन टक्क्यांवर जायला वेळ लागत नाही. अमेरिकेत ०.५ टक्क्यापासून पुढे पेय मद्यात मोजतात, आणि २०१० मध्ये तिथल्या दुकानांतून बाटलीबंद कोंबुचा काढून घेण्यात आला तो याच कारणाने: बाटलीत गेल्यावर प्रमाण वाढत होतं.

फ्रीजने वेग कमी होतो, थांबत नाही.

रामबाण

मग हायड्रोमीटर घ्या, सोपं आहे. सुरुवातीचं रीडिंग वजा शेवटचं रीडिंग.

चहाटळ

बिअरला सोपं. इथे बरणीत बनलेल्या दारूचं पुढे आम्ल झालेलं असतं, त्यामुळे सगळा फरक दारूचा नसतो. फार तर बूच लावतानाचं आणि नंतरचं, वायू पूर्ण काढून घेतलेलं रीडिंग ताडून बघा. ०.००४ चा फरक म्हणजे साधारण अर्धा टक्का वाढ. पण बूच लावायच्या आधी किती होती, हे त्यातून कळत नाही.

मातीकाम

मी भांड्यांना झिलई देण्याचं काम करते, तेव्हा बरणीवर बोलते. रंगावरून शिसं आहे की नाही सांगता येत नाही, पण जुनी, रंगीत, कुठे भाजली ते माहीत नसलेली बरणी या कामाला नको. आमच्याकडे खाण्याच्या भांड्यांच्या चाचणीत ४ टक्के ॲसेटिक आम्ल २४ तास ठेवून किती शिसं सुटतं ते मोजतात. तुमच्या बरणीत त्याहून सौम्य आम्ल असेल, पण ते आठवडाभर मुरतं, आणि प्रत्येक घाण्याला पुन्हा. ऑस्ट्रेलियात चिनी मातीच्या भांड्यात केलेल्या कोंबुचाने शिशाची विषबाधा झाल्याची नोंद १९९८ च्या वैद्यकीय नियतकालिकात आहे. पुसून बघायची घरगुती पट्टी ‘नाही’ म्हणाली तरी विश्वास ठेवू नका.

पितळी तोटी तर नकोच, आंबटाने तांबं-जस्त सुटतं. साधी काच घ्या, पण शिसं असलेली क्रिस्टल काच नको. तोटी नसली तरी चालेल, ओतून घ्या.

पहिलीच_बरणी

बॅटरी लावून पाहिलं. एका ठिपक्याला लव आहे आणि मध्ये हिरवट झालाय. सगळं फेकते. पण पहिला घाणा याच बरणीतला, आणि वहिनी रोज थोडा प्यायली आहे.

मातीकाम

मग डॉक्टरांना बरणीचं सगळं सांगा आणि रक्तातलं शिसं तपासायचं का ते विचारा. गरोदरपणात शिसं बाळापर्यंत पोचतं. बरणी फेकू नका, प्रयोगशाळेत तपासून मिळत असेल तर बघा.

अळणी

आणि रस न घालता, उघड्या बरणीतला, थेट फ्रीजमध्ये ठेवलेला चालेल का तिला?

चहाटळ

दारू कमी असेल, शून्य नसेल. शिवाय तो कच्चा, न तापवलेला. मी तरी गरोदर बाईला देणार नाही.

रामबाण

माझी बहीण दोन्ही वेळेला प्यायली, काही झालं नाही. एवढं टोकाचं नको.

पहिलीच_बरणी

उद्या वहिनीला घेऊन डॉक्टरांकडे जाते. उरलेल्या तीन बाटल्या फ्रीजमध्ये आहेत. त्यांचं बूच एकदम काढू का?

चहाटळ

पूर्ण गार असतानाच, मोरीत, जाड टॉवेल गुंडाळून, तोंड चेहऱ्यापासून लांब धरून. बूच थोडं सैल करा, वायू जाऊ द्या, मग पूर्ण काढा. त्याही त्याच बरणीतल्या, तेव्हा ओतून द्या.