प्रतिसाद: दिवसाची लोकसंख्या कशी काढतात?

> «जनगणना तर राहत्या घराची होते, मग ऑफिसच्या भागातली दिवसाची माणसं कोण मोजतं?»

जपानमध्ये ती जनगणनेतूनच निघते. तिथल्या फॉर्मवर कामाचं किंवा शाळेचं ठिकाणही विचारतात. मग राहणाऱ्यांत बाहेरून येणारे मिळवायचे आणि बाहेर जाणारे वजा करायचे.

टोकियोच्या चियोदा वॉर्डात, म्हणजे मारुनोउचीची ऑफिसं आणि मंत्रालयं असलेल्या भागात, २०१५ साली राहणारे होते ५८,४०६ आणि दिवसाचे ८,५३,०६८. जवळपास पंधरापट! तिथले गुन्हे किंवा कचरा राहणाऱ्यांच्या संख्येने भागला, तर दरडोई आकडा भलताच फुगतो. असा आकडा दिसला की आधी भाजक तपासा.

पण हा आकडाही तंतोतंत नाही. खरेदीला आलेले, पर्यटक, दवाखान्यात आलेले यात धरलेले नसतात. रात्रपाळीवाले मात्र दिवसाच्या खात्यात जातात.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योगांबाहेरच्या कामगारांना कामाचं अंतर आणि प्रवासाचं साधन विचारलं होतं. नुसत्या अंतरावरून डोंबिवलीचा माणूस फोर्टात उतरला की परळला, हे कळत नाही, आणि मला तीच मोठी उणीव वाटते.