सेम हिमोग्लोबिन, बहिणीचं नॉर्मल आणि भावाचं लो? मदत हवी आहे

दोघांचाही सीबीसी एकाच लॅबमध्ये केला, दोघांचंही हिमोग्लोबिन 12.4 आलं. माझ्या रिपोर्टवर काहीच खूण नाही, दादाच्या आकड्यापुढे मात्र ठळक L. बायकांची रेंज 12 पासून आणि पुरुषांची 13 पासून धरतात, टेस्टोस्टेरॉनमुळे पुरुषांत लाल पेशी जास्त बनतात म्हणून, एवढं कळलं.

पण दादा 3000 मीटर उंचीवर राहतो. तिथे ऑक्सिजन विरळ म्हणून शरीर मुळातच जास्त हिमोग्लोबिन बनवतं, म्हणून तुलना करताना साधारण 2 ग्रॅम वजा करतात म्हणे. मग त्याचं 10.4 धरायचं का? म्हणजे 'जरासं कमी' वाटतंय ते खरं तर बरंच कमी? रिपोर्टवर उंचीचा उल्लेखच नाही!

दुसरं असं की, रेंज म्हणजे निरोगी लोकांतले मधले 95 टक्के, म्हणजे धडधाकट माणसांतलेही अडीच टक्के खालच्या रेषेबाहेर पडणारच ना, मग दादा त्यातलाच आहे की खरंच अॅनिमिया आहे हे कशावरून ठरवायचं? लाल पेशींचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्ही 74 आहे, तोही कमीच. आधी शरीरातला लोहाचा साठा बघणारी फेरिटिन टेस्ट करावी का? जुने रिपोर्ट मिळाले तर त्याच्याच आधीच्या आकड्यांशी ताडून बघणं जास्त बरोबर ठरेल का? जाणकारांनी प्लीज सांगा.